उचल, मागाचा बिघाड आणि मामंजींची साखर: वही, नोट्स अॅप की शीट?

कारखाना_पूर्वभाग

नमस्कार मंडळी. पूर्व भागात आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. सासरे आठवणीने सगळं लाल वहीत लिहितात, तेही तेलुगूत. मिस्टर फोनच्या नोट्समध्ये टिपतात. मला एक्सेल चांगलं येतं, लग्नाआधी ऑफिसात तेच काम होतं. घर एक आणि नोंदी तीन ठिकाणी. परवा पगाराच्या दिवशी एका मागवाल्याने सांगितलं की त्याच्या उचलीतले चारशे कापून झालेत. वहीत ते होते, फोनमध्ये नव्हते. सगळे खोळंबून बसले.

मला तीन गोष्टींसाठी विचारायचंय. एक, कामगारांची उचल आणि तिची फेड. दोन, कुठला माग कधी बिघडला आणि काय केल्यावर चालू झाला. तीन, सासऱ्यांची शुगर आणि औषधं. सगळं एकाच शीटमध्ये आणावं असं माझ्या मनात आहे. कुणी असं केलंय का? सासऱ्यांना वही सोडायला सांगायचं कसं, हेही सांगा.

सेकंडइयर_सोलापूर

ताई, वहीच ठेवा. हाताने लिहिलेलं डोक्यात राहतं, हे संशोधनातून सिद्ध झालंय. लॅपटॉपवर टाइप करणाऱ्या मुलांना हाताने लिहिणाऱ्यांपेक्षा कमी समजतं. मी इंजिनिअरिंगच्या सगळ्या नोट्स वहीतच काढतो.

जुना_मुनीम

तुमच्या नोट्सपुरतं तुम्ही म्हणता ते चालेल. पण तो 2014 चा अभ्यास 2019 मध्ये पुन्हा करून पाहिला, तेव्हा दोन्हींतला फरक फार कमी निघाला. शिवाय ताईंचा प्रश्न वेगळा आहे. त्यांना उचल पाठ करायची नाही. शनिवारी, समोर माणूस उभा असताना, ती अर्ध्या मिनिटात सापडायला हवी. धडा डोक्यात राहावा म्हणून लिहिणं आणि डोकं मोकळं व्हावं म्हणून लिहिणं ही दोन कामं आहेत. दुसऱ्या कामात लिहिणं सोपंच असतं, खरी परीक्षा शोधताना होते.

म्हणून ताई, साधन ठरवण्याआधी प्रत्येक नोंदीला एक प्रश्न विचारा: ही मी परत शोधणार ती कशावरून? तारखेवरून, शब्दावरून, की बेरजेवरून? «मंगळवारी काय झालं» असं शोधणार असाल तर वहीसारखं काही नाही, पानं उलटली की झालं. «ते मोटारीचं काय केलं होतं» असं शोधणार असाल तर फोनमधलं सर्च. «याच्याकडे एकूण किती निघतात» असं विचारणार असाल तर शीट. तुमच्या तीन गोष्टींचे प्रश्न तीन तऱ्हेचे आहेत. एका जागी कोंबल्या तर निदान दोन तरी अडतील.

चाटीगल्लीतल्या एका पेढीवर मी उमेदीची वर्षं काढली. तिथे दोन वह्या असायच्या. रोजकीर्दीत जे घडलं ते घडेल त्या क्रमाने, तारखेखाली. मग फुरसतीने त्यातली एकेक रक्कम खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर. रोजकीर्द लिहिताना विचार करायचा नसतो, म्हणून गर्दीतही ती लिहून होते. खतावणीत शोधायला वेळ लागत नाही, पण तिथे नोंद नेण्याचे कष्ट असतात. शीट तुमचे हे कष्ट वाचवते. त्यापलीकडे तिच्यात नवं काही नाही. म्हणून तुमच्या सासऱ्यांची लाल वही मोडू नका, ती तुमची रोजकीर्द आहे. तिच्यामागे खतावणी उभी करा.

जीएसटी_सल्ला

मॅडम, हे सगळं करण्यापेक्षा टॅली घ्या. खरेदी, विक्री, जीएसटी रिटर्न, सगळं एकाच जागी. इतक्या उलाढालीत शीटवर अवलंबून राहू नका, उद्या नोटीस आली तर काय दाखवणार?

कारखाना_पूर्वभाग

दादा, जीएसटीचं काम आमचे सीए बघतात, ते व्यवस्थित आहे. मी पाचशे-हजाराच्या उचलीबद्दल विचारतेय, जी सकाळी सासरे खिशातून देतात आणि रात्री विसरतात.

मुनीमकाका, रोजकीर्द आणि खतावणीचं पटलं. पण प्रत्यक्षात कसं करू? वही तेलुगूत आहे, मला वाचता येत नाही. आकडे तेवढे कळतात.

जुना_मुनीम

आकडे कळतात ना, मग निम्मं काम झालं. प्रत्येक कामगाराला एक छोटी खूण द्या: म1, म2, म3 अशी. सासऱ्यांनी नाव तेलुगूत लिहू दे, शेजारी फक्त आकडा, 3. पुढे उचल असेल तर अधिकाचं चिन्ह, पगारातून कापली तर वजाचं. एवढी सवय त्यांना जड जाणार नाही, कारण त्यांच्या लिहिण्यात बदल काहीच नाही, दोन खुणांची भर आहे. वहीच्या पानांना नंबर घाला. आणि पान भरलं की खाली सगळ्या रकमांची सरळ बेरीज, अधिक-वजा न बघता. ही बेरीज लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शीटमध्ये पाच रकाने पुरे: तारीख, कोण, प्रकार, रक्कम, पान. एका ओळीत एकच घटना. आठवड्याला एक रकाना आणि कामगाराला एक ओळ, अशी देखणी जाळी मांडू नका. महिन्यात ती आडवी लांबत जाते आणि एका आठवड्यात दोनदा उचल दिली तर दुसरी लिहायला जागाच उरत नाही.

समजा 47 नंबरच्या पानावर सगळ्या नोंदी म3 च्याच आहेत. उचल 500, कपात 400, उचल 2000, कपात 400, उचल 300. उचल झाली 2800, फेड 800, राहिले 2000. शीटमध्ये हे असं निघतं:

```
=SUMIFS(D:D,B:B,"म3",C:C,"उचल")-SUMIFS(D:D,B:B,"म3",C:C,"कपात")
```

आता चूक कुठे होते ते सांगतो. शेवटची रक्कम कुणी «300 रु» अशी टाइप केली. माणसाला ती तीनशेच दिसते, शीटला तो मजकूर वाटतो आणि बेरजेत धरलाच जात नाही. बाकी 2000 ऐवजी 1700 येते, लाल खूण नाही, सूचना नाही. मालकाचे तीनशे गेले आणि कुणाला कळलंही नाही. अशा वेळी पानाची बेरीज कामाला येते. वहीत 47 व्या पानाखाली 3600 लिहिलेले असतात. शीटमध्ये त्याच पानाची बेरीज काढा:

```
=SUMIFS(D:D,E:E,47)
```

3300 आले की तीनशेची नोंद कुठेतरी अडकलीय हे लगेच दिसतं. शोधायचीही एक सोपी रीत आहे. काही सजावट केलेली नसेल तर आकडा रकान्यात उजवीकडे चिकटतो, मजकूर डावीकडे. डोळे रकान्यावरून खाली फिरवले की डावीकडे सरकलेली रक्कम सापडते.

सिव्हिललाइन_एक्सेल

काका, एक सोडलंत. पानाची बेरीज बरोबर येऊनही माणसाची बाकी चुकू शकते. «म3» च्या जागी «म३» लिहिलं किंवा म3 नंतर नकळत एक स्पेस पडली, तर शीटच्या लेखी तो दुसरा माणूस. रक्कम पानाच्या बेरजेत येते, म3 च्या खात्यात येत नाही. त्यामुळे «कोण» आणि «प्रकार» हे दोन रकाने हाताने लिहू देऊच नका. गूगल शीटमध्ये Data मधून Data validation उघडा, खुणांची यादी ड्रॉपडाउन म्हणून द्या आणि Reject the input निवडा. मग यादीबाहेरचं काही आत जातच नाही. «कपात» ची «कापले» झाली तरी तोच घोटाळा होतो, म्हणून दोन्ही रकान्यांना.

आणि अगदी पहिल्या दिवशी File, मग Settings मध्ये जाऊन Locale मध्ये India आहे का बघा. तिथे United States असेल तर तुम्ही 5/3 लिहाल 5 मार्च म्हणून आणि ती धरेल 3 मे. 25 तारखेला मात्र गोंधळून तो मजकूर समजून सोडून देईल. म्हणजे महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांच्या तारखा मुकाट्याने चुकतात आणि उरलेल्या डावीकडे सरकतात. पहिली जात जास्त वाईट, कारण ती बघून कळत नाही.

जॉबर_अण्णा

मी मागाचं सांगतो, पैशाचं मला कळत नाही. आपले हात तेलाचे, सुताचा फुफाटा उडलालाय, तिथं वही धरली की पान गेलंच. लॅपटॉप तर सोडाच. मी गूगल कीप वापरलालोय. बिघाड दिसला की आधी फोटो, मग खाली दोन ओळी. तुटलेल्या चाकाचा फोटो काढताना शेजारी पट्टी धरायची, म्हणजे पुढच्या वेळी दुकानात दाखवलं की त्याला माप कळतं. नुसतं «चाक बदललं» लिहून काही उपयोग नाही. दात किती, आधी किती होते, बदलल्यावर कापड घट्ट आलं की विरळ, हे पाहिजे.

पण एक सांगतो. सर्च माणसासारखा हुशार नाही. एकदा «मोटर» लिहिलं, एकदा «मोटार», एकदा इंग्रजीत. शोधताना एकच सापडतं आणि आपल्याला वाटतं की बाकी लिहिलंच नाही. म्हणून मी प्रत्येक नोटेच्या शेवटी एक ओळ टाकतो: मोटर मोटार motor माग 4 जळाली वास. घाईत आपल्या तोंडात जे जे शब्द येतील ते सगळे. शोधणारा मी नसेल, माझा पोरगा असेल, तो काय टाइप करेल तेही.

कारखाना_पूर्वभाग

अण्णा, हे फार कामाचं आहे. मिस्टरांच्या नोट्समध्ये नुसते फोटो आहेत, खाली काही नाही.

जॉबर_अण्णा

मग ते सहा महिन्यांनी त्यांनाच कळणार नाहीत, वहिनी. आणि कीपमध्ये काही पुसलं तर ट्रॅशमध्ये सात दिवसच राहतं, हे त्यांना सांगा. त्यानंतर गेलं. माग बंद पडतो तीन-चार महिन्यांतून एकदा, सात दिवसांत आठवण येत नाही.

मी म्हणतो बिघाडाला शीट नकोच. प्रत्येक बिघाड वेगळा, त्याचे रकाने काय करणार?

सिव्हिललाइन_एक्सेल

इथे मी थोडा वेगळं म्हणेन. «कसं दुरुस्त केलं» यासाठी अण्णांची नोटच बरोबर. पण «माग 4 वर वर्षात किती वेळा खर्च केला, विकून टाकावा का» हा प्रश्न बेरजेचा आहे. त्यासाठी तारीख, माग नंबर, खर्च, बंद पडलेले तास, एवढी एक ओळ शीटमध्ये हवी.

जॉबर_अण्णा

तो प्रश्न मालकाचा. माझा नाही. मी ते भरत बसणार नाही, खरं सांगतो.

निवृत्त_सिस्टर

मी सरकारी दवाखान्यात नोकरी केली, म्हणून तिसऱ्या गोष्टीबद्दल लिहिते. शुगरची नोंद शीटमध्ये घालायच्या भानगडीत पडू नकोस गं. डॉक्टरांसमोर तुला पाच मिनिटं मिळतात. त्यांना एका कागदावर सलग पंधरा दिवस दिसले पाहिजेत: उपाशीपोटी किती, जेवणानंतर दोन तासांनी किती, आणि शेजारी मोकळी जागा, जिथे «हुरडा पार्टी», «ताप», «गोळी चुकली» असं लिहिता येईल. आकड्यापेक्षा त्या मोकळ्या जागेतून जास्त कळतं. फोन पुढे करून वर-खाली सरकवत बसलं की डॉक्टर वाचत नाहीत, तीन महिन्यांची एचबीएवनसी बघून पुढे जातात. त्या तपासणीत सरासरी कळते, पण पहाटे साखर खाली जाते का हे कळत नाही. ते तुझ्या कागदावरूनच कळणार.

वही ग्लुकोमीटरच्या डब्यातच ठेव, पेन दोऱ्याने बांधून. दुसऱ्या खोलीत ठेवलीस तर आठवड्यात नोंद बंद पडते. यंत्रात जुने आकडे राहतात हे खरं, पण सेल बदलल्यावर कितीतरी यंत्रांत तारीख-वेळ पुन्हा लावावी लागते आणि ती कुणी लावत नाही. मग सकाळचा आकडा रात्रीचा दिसतो.

आणि गोळ्यांसाठी वही, फोन, शीट यातलं काहीच नको. «गोळी घेतली का» या प्रश्नाचं उत्तर नोंदीत शोधू नये. नोंद करायची राहिली असेल तर माणूस दुसऱ्यांदा गोळी घेतो, ते घेतलीच नाही त्यापेक्षा वाईट. सात दिवसांचे खण असलेली डबी औषधाच्या दुकानात मिळते. रविवारी भरायची. खण रिकामा म्हणजे घेतली. वेळेसाठी फोनचा गजर लाव, वही काही वाजत नाही.

कारखाना_पूर्वभाग

सिस्टर, मनापासून आभार. सासऱ्यांचं वय 74 आहे. हल्ली एक गोष्ट दोनदा सांगतात. म्हणूनच मला घाई होती की वही सोडून त्यांनी फोनवर यावं, म्हणजे मला सगळं दिसेल.

निवृत्त_सिस्टर

मग तर वही अजिबात सोडवू नकोस. वयामुळे आठवण कमी होते तेव्हा नवी गोष्ट शिकणं आधी अवघड होतं, हाताला बसलेली जुनी सवय बरीच मागे टिकते. वहीत लिहिणं हे त्यांच्या हाताचं काम झालंय, विचार न करता होतं. फोनवर आणलंस तर ते नवीन शिकणार नाहीत आणि जुनं सुटेल. उलट वहीत आणखी एक गोष्ट चिकटव. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात, त्यांच्याच तेलुगूत: «पैसे दिले की आधी लिहा, मग पाकीट खिशात.» दोन आठवडे दर वेळी तूच वही उघडून हातात दे, नुसतं आठवण करून देऊ नकोस. मग ते आपोआप होईल.

आणि एकदा डॉक्टरांना दाखवून घे. दोनदा बोलणं वयाचं असू शकतं, वारंवार साखर खाली गेल्यानेही असू शकतं. मी इथून सांगू शकत नाही.

विडीवालीची_लेक

एक बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहिते. माझी आई विड्या वळायची. तिच्याकडे एक पुस्तक असायचं, कारखान्यात किती हजार दिल्या, किती खराब म्हणून बाजूला काढल्या, ते तिथे लिहून मिळायचं. घरी आल्यावर मी ते वाचून दाखवायचे. एखाद्या आठवड्यात आकडा जुळला नाही तर दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन ती उभी राहायची आणि तिचं ऐकलं जायचं, कारण तेच अक्षर त्यांचं होतं.

ताई, तुमची वही तुमच्याकडे, शीट तुमच्या लॅपटॉपमध्ये. ज्याच्या पगारातून कापलं जातं त्याच्याकडे काय? तुमच्या मागवाल्याने चारशेचं सांगितलं तेव्हा त्याच्या हातात काही नव्हतं, फक्त आठवण होती. वहीत सापडलं म्हणून बरं, नसतं सापडलं तर? दहा रुपयांची खिशातली डायरी प्रत्येकाला द्या. उचल देताना त्याच्या डायरीत सासऱ्यांच्या हाताने रक्कम, तारीख आणि राहिलेली बाकी. शीट कितीही अचूक असली तरी त्याला ती वाचता येत नाही, म्हणून तो तिच्यावर विश्वास ठेवणार नाही.

जुना_मुनीम

अगदी योग्य. पेढीवरही सावकाराची खतावणी आणि गिऱ्हाइकाची चोपडी समोरासमोर ठेवून मेळ घालायचे. डायरीत बाकी लिहाल तर पगाराच्या दिवशी ती शीटच्या बाकीशी जुळवा. जुळली नाही तर मागे जा, शेवटची जुळलेली तारीख सापडेपर्यंत. चूक त्यानंतरच्या नोंदींतच असते, सगळी वही धुंडाळावी लागत नाही.

सिव्हिललाइन_एक्सेल

डायरीचं तत्त्व मान्य, पण तीन ठिकाणी लिहायचं झालं: वही, डायरी, शीट. माझा अनुभव असा की तिसऱ्या ठिकाणची नोंद राहते. शीट रोज रात्री भरायची की आठवड्याला? मी म्हणेन रोज, दहा मिनिटं.

जुना_मुनीम

मी म्हणेन पगाराच्या आदल्या दिवशी, पान पुढ्यात घेऊन, एकदम. रोजचं काम लग्नसराईत आणि गड्ड्याच्या जत्रेत हटकून चुकतं. मग मधले दिवस भरायचे राहिले हे कुणाला कळतही नाही. एकदम भरलं तर पान संपेपर्यंत उठायचं नाही आणि पानाची बेरीज जुळेपर्यंतही नाही.

सिव्हिललाइन_एक्सेल

पण काका, सासरे जे लिहायचं विसरले ते त्याच रात्री विचारलं तर आठवेल. आठवड्याने नाही आठवणार. आणि आत्ताच कळलं की ते विसरतात.

जुना_मुनीम

हा मुद्दा खरा आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मग रात्री फक्त वही वाचून विचारावं आणि शीट आदल्या दिवशी भरावी, असं होऊ शकेल. पण रात्री थकलेल्या माणसाला विचारणं म्हणजे उलटतपासणी होते, त्याचाही विचार करा.

कारखाना_पूर्वभाग

मी असं ठरवतेय: लाल वही तशीच, फक्त पान नंबर आणि खुणा. खिशातल्या डायऱ्या उद्याच नवी पेठेतून आणते. शीट फक्त उचलीसाठी, पाच रकाने. बिघाड मिस्टरांच्या फोनमध्ये, अण्णांनी सांगितलेल्या शेवटच्या ओळीसह. मागाच्या खर्चाची ओळ मी सीएंकडे जाणाऱ्या बिलांवरून भरेन, अण्णांसारख्या माणसाकडून नाही. शुगर डब्यातल्या कागदावर.

एक अडचण उरली. सासरे आकडे कधी आपल्यासारखे लिहितात, कधी तेलुगू पद्धतीने. घाईत लिहिलेला तेलुगू 2 आणि 3 मला एकसारखे दिसतात. त्यांना विचारलं की ते रागावतात, तुला विश्वास नाही म्हणतात. कुणाच्या घरी असं आहे का?

बुधवारपेठ_रमणा

आमच्या घरी आहे, अक्का. माझे वडील रक्कम आकड्यात लिहून शेजारी अक्षरातही लिहितात, «मुन्नूरू», म्हणजे तीनशे. त्यांना आम्ही बँकेच्या चेकचं उदाहरण दिलं होतं, तेव्हापासून राग गेला. चेकवर दोनदा लिहितातच ना. वाचायला तुम्हाला तेलुगूतले शंभरापासून नऊशेपर्यंतचे नऊ शब्द ओळखता आले तरी बहुतेक उचली वाचून होतील. हजाराच्या पुढचं मात्र त्यांनाच विचारावं लागेल. नऊ शब्द मी लिहून, फोटो काढून व्यक्तिगत निरोपात पाठवतो.